तीन गुणांचं स्वमत

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत पठित गद्य उताऱ्यावर सात गुणांच्या कृती असतात. त्यातले चार गुण आकलनाचे: आकृतिबंध पूर्ण करा, कारणे लिहा, जोड्या लावा. उरलेले तीन स्वमताचे. २०१८-१९ मध्ये दहावीचा अभ्यासक्रम बदलला आणि प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली. पाठांतरापलीकडे जावं, हा त्यामागचा हेतू होता आणि त्या हेतूचा सगळ्यात मोठा भार स्वमताच्या कृतीवर होता.

आकलनाची कृती तपासणं सोपं आहे. उत्तर उताऱ्यात असतं. मुलाला ते सापडलं की गुण द्यायचे. स्वमताचं उत्तर उताऱ्यात नसतं. मत विद्यार्थ्याचं असल्यामुळे ते बरोबर की चूक असा सवालच येत नाही. मग एकाला तीन आणि दुसऱ्याला दीड गुण कशाच्या आधारावर द्यायचे? पेपर तपासणाऱ्या शिक्षकासमोर गठ्ठा असतो, वेळ थोडा असतो, आणि हाताशी ठोस निकष नसला की डोळ्यांना जे आधी दिसतं त्यावर गुण पडतात: उत्तर किती ओळींचं आहे, अक्षर कसं आहे, सुविचार आहे का, शेवट छान केलाय का. मुलांनाही हे कळतं. गाइडात प्रत्येक पाठाखाली स्वमताचं तयार उत्तर छापलेलं असतं. ते पाठ केलं की काम भागतं.

यात मुलांचा दोष फारसा नाही. मुलानं वाचताना विचार केला की नाही, हे उत्तरावरून ओळखता येतं. त्यासाठी उत्तरात नेमकं कुठे पाहायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि प्रश्नही असा विचारावा लागतो की विचाराला उमटायला जागा मिळेल. हे दोन्ही कसं करायचं, ते एकाच उताऱ्यावर दाखवतो. उतारा मी यासाठीच लिहिला आहे, आणि त्यावरची उत्तरं वर्गात नेहमी दिसतात त्या धर्तीची आहेत.

उतारा असा:

‘आमच्या गावाला दरवर्षी मार्चपासून टँकर लागायचा. दोन वर्षांपूर्वी आम्ही ओढ्यावर सिमेंटचा बंधारा बांधला. गेल्या उन्हाळ्यात गावातल्या विहिरींना मे अखेरपर्यंत पाणी राहिलं आणि टँकर आलाच नाही. आता शाळेत मुलींची हजेरीही वाढली आहे. शेजारच्या गावानं मात्र पैसा रस्त्यावर घातला. तिथं अजून टँकर चालू आहे. पाण्याचा प्रश्न सोडवायचा असेल, तर प्रत्येक गावानं आधी बंधारा बांधावा.’

उतारा साधा आहे, लेखकाची तळमळ खरी आहे. पण त्यात बरंच काही न लिहिलेलं आहे, आणि वाचणाऱ्याच्या विचाराची परीक्षा त्या न लिहिलेल्या जागांवर होते.

सुरुवात अनुमानापासून करू. मुलींची हजेरी वाढली, एवढंच लेखक सांगतो. ती का वाढली हे सांगत नाही. प्रश्न विचारला, ‘मुलींच्या हजेरीचा आणि पाण्याचा काय संबंध असावा?’ एका मुलानं लिहिलं, ‘मुलींना शिक्षणाचे महत्त्व पटले.’ वाक्य चांगलं आहे, पण उताऱ्यातल्या कुठल्याही शब्दाशी त्याचा सांधा जुळत नाही. दुसऱ्यानं लिहिलं, ‘आधी टँकरवर किंवा लांबून पाणी भरायला मुली जात असतील, म्हणून शाळा बुडत असेल. विहिरीला पाणी आल्यावर वेळ वाचला.’ हे अनुमान आहे. उताऱ्यातल्या दोन गोष्टी, टँकर बंद होणं आणि हजेरी वाढणं, त्यानं घेतल्या. घरात पाणी कोण भरतं, ही तिसरी गोष्ट आपल्या माहितीतून आणली आणि तिघींची गाठ मारली. अनुमान तपासताना शिक्षकानं हे तीन धागे शोधायचे: उताऱ्यातून काय घेतलं, बाहेरून काय आणलं, आणि दोन्ही जोडले कसे. उताऱ्यातला धागा नसेल तर ती कल्पना झाली. बाहेरचा धागा नसेल तर ती उताऱ्याचीच नक्कल झाली.

तिसऱ्या मुलीनं दुसऱ्यासारखंच लिहिलं आणि पुढे एक ओळ जोडली: ‘पण हे उताऱ्यात लिहिलेलं नाही. शाळेत सायकल वाटप झालं असेल तरी हजेरी वाढू शकते.’ ही ओळ मोलाची आहे. आपण जे म्हणतोय ते किती खात्रीचं आहे हे तिला कळतं. ‘आहे’ आणि ‘असावं’ यांतला फरक जो वाचक पाळतो, तो अनुमानाला वस्तुस्थिती समजत नाही. पुष्कळ शिक्षक अशी ओळ वाचून म्हणतात, ही गोंधळलीय, हिचं मत पक्कं नाही. मला ते मान्य नाही. पुरावा जेवढा आहे तेवढीच खात्री दाखवणं हे या कौशल्याचं वरचं टोक आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. इथे प्रश्नाची शब्दरचनाच बरंच काही ठरवते. ‘पाणी अडवण्याचे महत्त्व तुमच्या शब्दांत लिहा’ असं विचारलं, तर मुलापुढे एकच रस्ता राहतो. महत्त्व आहे हे प्रश्नानंच सांगून टाकलं. मुलानं फक्त ते सजवायचं. ‘लेखकाच्या मताशी तुम्ही सहमत आहात का?’ हा प्रश्न थोडा बरा, पण छापलेल्या लेखकाशी सहमत होणंच सुरक्षित, हे आपल्या मुलांना पहिलीपासून ठाऊक असतं. म्हणून मी असा प्रश्न सुचवतो: ‘प्रत्येक गावानं आधी बंधारा बांधावा, हा लेखकाचा निष्कर्ष तुम्हाला कितपत पटतो? उताऱ्यातला आधार देऊन लिहा. तुमच्याशी असहमत असलेला माणूस काय म्हणेल आणि त्याला तुमचं उत्तर काय, तेही लिहा.’ यातला ‘कितपत’ महत्त्वाचा. तो हो किंवा नाही यांच्या मधली जागा उघडी ठेवतो.

पहिलं उत्तर: ‘पाणी हे जीवन आहे. पाण्याशिवाय सजीव सृष्टीची कल्पनाच करता येत नाही. प्रस्तुत उताऱ्यात लेखकाने पाण्याचे महत्त्व अत्यंत प्रभावीपणे पटवून दिले आहे. प्रत्येक गावाने बंधारा बांधला, तर आपला महाराष्ट्र सुजलाम् सुफलाम् होईल. म्हणून लेखकाचे मत मला शंभर टक्के पटते.’

अक्षर सुरेख, शुद्धलेखन निर्दोष, शेवट दमदार. एकच चाचणी लावून पाहा: उतारा न वाचता हे उत्तर लिहिता आलं असतं का? ‘बंधारा’ हा शब्द कानावर पडला असता तरी पुरे होतं. टँकर, मे महिना, मुलींची हजेरी, शेजारचं गाव, यांतलं काहीच उत्तरात नाही. स्वमत तपासताना ही चाचणी मी सगळ्यात आधी लावेन, कारण ती अर्ध्या मिनिटात होते आणि गाइडातली बहुतेक उत्तरं तिथेच गळतात. हे उत्तर भाषेसाठी गुण मिळवू शकेल, विचारासाठी नाही.

दुसरं उत्तर जास्त फसवं आहे: ‘लेखकाचे मत पटते. बंधाऱ्यामुळे पाणी अडते, ते जमिनीत मुरते, भूजल पातळी वाढते आणि आजूबाजूच्या विहिरींना पाणी येते. त्यामुळे टँकर बंद झाला.’ विज्ञानाच्या दृष्टीनं सगळं बरोबर. शिक्षक खूश होऊन पूर्ण गुण देतात. पण या मुलानं बंधाऱ्यानं पाणी कसं वाढू शकतं ते सांगितलं; या गावात ते बंधाऱ्यानंच वाढलं का, याला हातच लावला नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ डीना कून यांनी १९९१च्या आपल्या पुस्तकात नेमका हा घोटाळा मांडला. किशोरवयापासून साठीपर्यंतच्या १६० माणसांशी त्या बोलल्या. मुलं शाळेत का नापास होतात, सुटलेले कैदी पुन्हा गुन्ह्याकडे का वळतात, असे प्रश्न विचारून त्यांनी प्रत्येकाला आपल्या मताचा पुरावा मागितला. पुष्कळांनी पुराव्याच्या जागी स्पष्टीकरण दिलं, म्हणजे कारणातून परिणाम कसा होतो याची पटण्यासारखी हकिकत सांगितली आणि तीच पुरावा मानली. विरुद्ध बाजूचा माणूस काय म्हणेल, हेही अनेकांना सुचलं नाही. मोठ्या माणसांची ही गत असेल, तर पंधरा वर्षांच्या मुलाकडून हे आपोआप येईल अशी अपेक्षा धरता येत नाही. ते शिकवावं लागतं, आणि तपासताना स्पष्टीकरण व पुरावा वेगळे ओळखावे लागतात.

तिसरं उत्तर: ‘बंधाऱ्यामुळे पानी वाढलं असं लेखक म्हनतो. पण त्या वर्षी पाऊस जास्त झाला असेल तर. ते लेखकानी सांगीतलं नाही. मग बंधाऱ्यामुळेच वाढलं असं कसं म्हनायचं.’

चार ओळी, दोन प्रकारच्या चुका, प्रश्नचिन्हाचा पत्ता नाही. तरीही पहिल्या दोन उत्तरांत जे नव्हतं ते इथे आहे. लेखकाचा निष्कर्ष ज्या न बोललेल्या गोष्टीवर उभा आहे, ती या मुलानं बोट ठेवून दाखवली. गेल्या पावसाळ्यात पाऊस नेहमीइतकाच होता, हे लेखकानं गृहीत धरलंय. ते खरं नसेल तर सगळा युक्तिवाद ढिला पडतो.

गृहीतकावर शंका घेणं तपासताना एक काळजी घ्यावी लागते. शंका घ्यायला शिकवलं की काही मुलं सरसकट सगळ्यावर शंका घेऊ लागतात. ‘लेखकाने आकडे दिले नाहीत’, ‘लेखक खोटं बोलत असेल’, ‘लेखक कोण आहे हे माहीत नाही’, अशा शंका कुठल्याही उताऱ्याला चिकटवता येतात. खरी शंका ओळखायची सोपी रीत म्हणजे गृहीतक उलटं करून पाहायचं. पाऊस नेहमीइतकाच पडला, हे उलटं करा: पाऊस दुप्पट पडला. निष्कर्ष डळमळला? डळमळला. म्हणजे गृहीतक भार पेलणारं होतं आणि मुलानं योग्य जागी बोट ठेवलं. आता दुसरं घ्या. एका मुलानं लिहिलं, ‘लेखकाने गृहीत धरले आहे की रस्ते महत्त्वाचे नाहीत.’ हे उलटं करा: रस्ते महत्त्वाचे आहेत. बंधाऱ्यामुळे टँकर बंद झाला, या दाव्याला काही धक्का बसत नाही. पण आधी बंधारा बांधावा, यातल्या ‘आधी’ला मात्र बसतो, कारण एखाद्या गावाला दवाखान्यापर्यंतचा रस्ता जास्त निकडीचा असू शकतो. म्हणजे ही शंकाही फुकट नाही. ती युक्तिवादाच्या दुसऱ्या भागावर आहे. मुलानं तो भाग नेमका सांगितला असेल तर गुण द्यावेत. नुसतंच ‘रस्तेही हवेत’ म्हटलं असेल, तर वहीत लिहावं, ‘यानं लेखकाचं कुठलं वाक्य बदलेल?’ हा शेरा ‘अधिक स्पष्ट करा’पेक्षा मुलाच्या जास्त कामी येतो.

चौथं उत्तर थोडं मोठं आहे, पण पूर्ण वाचण्यासारखं आहे: ‘कोणी म्हणेल, पाऊस जास्त झाला म्हणून पाणी राहिलं. पण शेजारच्या गावातपण जवळपास तेवढाच पाऊस झाला असणार आणि तिथं टँकर चालू आहे. म्हणून बंधाऱ्याचा उपयोग झाला असं मला वाटतं. पण शेजारच्या गावात ऊस जास्त असेल किंवा बोअर जास्त असतील, तर तिथं पाणी त्यामुळे संपत असेल. ते कळल्याशिवाय पूर्ण खात्री नाही. आणि प्रत्येक गावात ओढा नसतो. म्हणून ‘प्रत्येक गावानं’ हे पटत नाही. ज्या गावात ओढा आहे त्यांनी विचार करावा, एवढं पटतं.’

इथे काय घडलं ते सावकाश पाहू. तिसऱ्या उत्तरातला पावसाचा आक्षेप या मुलीलाही सुचला. पण तिनं तो तसाच सोडला नाही. त्याला उत्तर उताऱ्यात आहे का, हे तिनं शोधलं आणि शेजारच्या गावाचा उल्लेख तिला सापडला. दोन शेजारच्या गावांत पाऊस साधारण सारखाच असतो, हे बाहेरचं ज्ञान तिनं आणलं. त्यानं आक्षेप बराच कमकुवत झाला. मग तिनं स्वतःच्याच उत्तराची तपासणी केली: ही तुलना केव्हा चालणार नाही? ऊस आणि बोअर. शेवटी या सगळ्याचा परिणाम तिच्या मतावर झाला. ‘प्रत्येक गाव’ हे ‘ओढा असलेलं गाव’ झालं आणि ‘बांधावा’चं ‘विचार करावा’ झालं.

विरुद्ध मुद्दा तोलणं म्हणतात ते हे. त्याचा उल्लेख करणं वेगळं आणि तो तोलणं वेगळं. तोललं की तराजू कुठेतरी झुकायला हवा. विरुद्ध मुद्दा जड निघाला तर मत बदललं पाहिजे किंवा आखडलं पाहिजे. हलका निघाला तर का हलका, ते सांगितलं पाहिजे. पाचवं उत्तर शेजारी ठेवलं की फरक कळतो: ‘काही लोक म्हणतील की बंधारा बांधू नये, पण ते चुकीचे आहेत, कारण पाणी आवश्यक आहे.’ बंधारा बांधूच नये असं कोण म्हणतंय? हा विरोधक मुलानं पाडण्यासाठीच उभा केलाय. त्याला ना कारण दिलंय, ना आवाज. आणि मुलाचं मत पहिल्या ओळीत जिथे होतं, तिथेच शेवटी आहे. निकषात ‘विरुद्ध मुद्दा मांडला – एक गुण’ असं लिहिलं की अशीच उत्तरं भराभर येतात, हे लक्षात ठेवलेलं बरं. निकष असा लिहावा: विरुद्ध मुद्दा असा आहे का, जो एखादा शहाणा माणूस खरोखर मांडेल? आणि त्यामुळे मुलाच्या मतात काही हललं का?

मग तीन गुण वाटायचे कसे? अनुमानाला एक, गृहीतकाला एक, विरुद्ध मुद्द्याला एक, अशी वाटणी सोयीची वाटते. मी ती करणार नाही. तसं केलं की मूल तिन्ही रकाने भरतं आणि त्यांचा एकमेकांशी संबंध राहत नाही. त्यापेक्षा पायऱ्या ठरवाव्यात. उतारा न वाचता लिहिता आलं असतं असं उत्तर शून्यावर. उताऱ्यातला एखादा आधार घेऊन मत दिलंय, पण लेखकाच्या म्हणण्याला कुठे तपासलेलं नाही, अशाला एक. वरचं दुसरं उत्तर इथे बसतं. निष्कर्ष ज्यावर उभा आहे ते गृहीतक दाखवलं, किंवा खराखुरा विरुद्ध मुद्दा आणला, तर दोन. तिसरं उत्तर इथे. आणि विरुद्ध मुद्दा उताऱ्याच्या आधारानं तोलून मत त्याप्रमाणे टिकवलं किंवा बदललं, तर तीन. शुद्धलेखनाचे आणि मांडणीचे गुण ज्यांना द्यायचे असतील त्यांनी ते वेगळ्या जागी द्यावेत. ‘म्हनतो’ लिहिणाऱ्या मुलाचं लेखन सुधारायचंच आहे, पण त्याच्या विचाराचे गुण कापून नाही.

मत कुठल्याही बाजूचं असलं तरी पूर्ण गुण मिळू शकतात, हे काही ठिकाणी प्रत्यक्ष परीक्षेत करून दाखवलेलं आहे. ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत २००० साली पंधरा वर्षांच्या मुलांना भिंतींवरच्या ग्राफिटीबद्दलची दोन पत्रं वाचायला दिली होती. हेल्गाला ती चित्रं म्हणजे विद्रूपीकरण वाटतं. सोफियाचं म्हणणं असं की रस्त्यावरचे जाहिरातींचे फलकही कुणी आपल्याला विचारून लावत नाही. तुम्हाला कोणाचं पटतं, असं मुलांना विचारलं. तपासणाऱ्यांना सूचना होती की हेल्गाची बाजू घ्या किंवा सोफियाची, गुणांत फरक नाही. पत्रातल्या म्हणण्याचा आधार मात्र हवा. नुसतं ‘ग्राफिटी वाईट असते’ याला गुण नव्हते. त्याच संचात आणखी एक प्रश्न होता: तुम्हाला कोणाचं पटतं ते बाजूला ठेवून सांगा, दोघींपैकी कोणाचं पत्र जास्त चांगलं लिहिलंय? आपल्याला न पटणारा माणूसही चांगली मांडणी करू शकतो, हे मान्य करायला लावणारा हा प्रश्न आहे. आपल्या शाळांत तो विचारायला कुठल्याही परवानगीची गरज नाही. दोन वर्तमानपत्रांतली दोन वाचकांची पत्रं पुरतात.

निकष कितीही नीट लिहिला, तरी तो वापरणारा माणूस असतो. अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी १९१२ साली इंग्रजीचा एकच पेपर वेगवेगळ्या शाळांतल्या शिक्षकांकडून तपासून घेतला. १४२ शिक्षकांचे गुण आले आणि एकाच पेपरला शंभरपैकी ६४ पासून ९८ पर्यंत गुण पडले होते. स्वमतासारख्या उत्तरात ही तफावत होणारच, पण ती कमी करता येते. आधी आपल्याच वर्गातली तीन-चार उत्तरं निवडावीत: हे एक गुणाचं, हे दोनचं, हे तीनचं. ती समोर ठेवूनच बाकीची तपासावीत, म्हणजे पन्नासाव्या वहीपर्यंत माप बदलत नाही. एका मुलाचा सगळा पेपर संपवून पुढे जाण्यापेक्षा सगळ्यांचं स्वमत सलग तपासावं. नाहीतर आकलनाच्या चारपैकी चार गुणांची छाया स्वमतावर पडते. नाव झाकावं. आणि शक्य असेल तिथे दहा वह्या दुसऱ्या शिक्षकाला, आपले गुण न दाखवता, तपासायला द्याव्यात. दोघांच्या गुणांत एकाहून जास्त फरक पडला, तर वादाचा मुद्दा मूल नसतं. निकषातलं कुठलं तरी वाक्य दोघांनी वेगळं वाचलेलं असतं. ते वाक्य दुरुस्त करायचं.

एक मर्यादा मात्र कुठल्याही निकषानं जात नाही. विचार हवेत होत नाही, तो कशाबद्दल तरी होतो. १९८८ साली रेक्ट आणि लेस्ली या अमेरिकी संशोधकांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची, पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्क्या पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांपेक्षा तो मजकूर जास्त नीट समजून घेऊ शकली. आपल्या उताऱ्याला हे जसंच्या तसं लागू आहे. ऊस पाणी किती पितो, बोअर वाढले की विहिरी कशा आटतात, हे माण किंवा आष्टी तालुक्यातल्या मुलीला घरातून माहीत असतं. नळाला पाणी येणाऱ्या ठाण्याच्या मुलाला तो आक्षेप सुचणार नाही, म्हणून तो विचारात कमी ठरत नाही. त्याला लोकल गाड्यांच्या गर्दीवरचा उतारा द्या, मग पाहा. म्हणून एका उताऱ्यावरून मुलाच्या विचारशक्तीबद्दल शेरा मारू नये. वर्षभरात निरनिराळ्या विषयांवरचे चार-पाच उतारे तरी हवेत, आणि उताऱ्याआधी पाच मिनिटं विषयाची ओळख करून द्यावी.

दुसरा धोका क्लासचा. चौथ्या उत्तराचा साचा करून तो पाठ करायला लावणं अवघड नाही: ‘कोणी म्हणेल... पण... तथापि...’ असा सांगाडा आणि मध्ये शब्द भरायचे. साचा ओळखण्यासाठी त्यातला विरुद्ध मुद्दा दुसऱ्या एखाद्या उताऱ्याखाली ठेवून पाहावा. ‘काही जण म्हणतील, यासाठी खूप खर्च येतो’ हे बंधाऱ्याखाली बसतं, वाचनालयाखाली बसतं, शाळेच्या सहलीखालीही बसतं. ‘शेजारच्या गावात ऊस जास्त असेल’ हे फक्त याच उताऱ्याखाली बसतं. शंका असेल तर मुलाला जवळ बोलवून एकच विचारावं: ‘तुझं म्हणणं चुकीचं आहे, हे मला कशावरून कळेल?’ ज्यानं खरोखर विचार केलाय तो अडखळत का होईना, काहीतरी नेमकं सांगतो. ‘दोन्ही गावांतल्या विहिरी मोजल्या तर’, ‘पावसाचा आकडा मिळाला तर’. साचा पाठ केलेलं मूल पुन्हा पहिल्या वाक्याकडे जातं.

मराठीच्या शिक्षकांना एक विनंती आहे. पुढच्या घटक चाचणीत स्वमताचा एकच प्रश्न ‘कितपत पटतं’ असा विचारा, नावं झाका, आणि दहा वह्या सहकाऱ्याकडून स्वतंत्रपणे तपासून घ्या. गुण जुळले नाहीत तर दोघांनी बसून निकष पुन्हा लिहा. आणि पालकांनी, मुलाची तपासलेली वही घरी आली की स्वमताचे गुण किती पडले हे विचारण्याआधी ते उत्तर वाचावं आणि पाहावं, की उतारा न वाचता हे लिहिता आलं असतं का.